पाच वर्षांच्या मुलीसाठी डोकेदुखीची गोष्ट

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. महिन्यातून दोनतीनदा तिचे कपाळ दुखते, ती पांढरीफटक पडते, एखादी उलटी होते आणि दोनतीन तास झोपून उठली की पुन्हा खेळायला लागते. डॉक्टरांनी तपासून अर्धशिशी असल्याचे सांगितले आहे, तिच्या आईलाही तोच त्रास आहे. आता रोज रात्री अंथरुणात ती विचारते, "बाबा, माझं डोकं का दुखतं?" तिला समजेल आणि खोटीही नसेल अशी गोष्ट तिला कशी सांगावी?

उत्तर : गोष्ट खाली पूर्ण लिहून दिली आहे, परंतु ती सांगण्याच्या आधी एखाद्या निवांत दुपारी तिला कागद आणि रंग द्या आणि "डोकं दुखतं तेव्हा काय होतं ते मला काढून दाखव" एवढेच म्हणा. मुलांच्या मेंदूविकारांचे काम करणारे आम्ही डॉक्टर हे चित्र तपासणीचाच भाग म्हणून काढून घेतो, कारण या वयाच्या मुलाला "ठणकते की दाबल्यासारखे वाटते" असे विचारले तर ते आपल्याला खूश करणारे कोणतेही उत्तर देते, पण चित्रात मात्र ते घण, विजा, डोळ्यांवर ओढलेली चादर किंवा उलटीची बादली स्वतःहून काढते. तुम्हाला या चित्राचा उपयोग निदानासाठी करायचा नाही, निदान झालेले आहे. दुखण्याचे कारण म्हणून तिने मनात आधीच काय धरून ठेवले आहे, ते तुम्हाला त्यातून समजून घ्यायचे आहे. पाच वर्षांचे मूल "का" विचारते तेव्हा त्याच्याजवळ बहुधा स्वतःचे एक उत्तर तयार असते, आणि ते उत्तर न पाहता सांगितलेली गोष्ट त्याच्या शेजारून निघून जाते.

यासाठी एक उदाहरण सविस्तर सांगते. सहा वर्षांच्या एका मुलाने माझ्यासमोर काढलेल्या चित्रात डोके दुखणारा मुलगा कोपऱ्यात लहानसा होता आणि मधोमध कमरेवर हात ठेवून उभे असलेले त्याचे वडील होते. मी विचारल्यावर तो म्हणाला, "मी वाईट वागलो की दुखतं." वडिलांना वाईट वाटले, पण त्यांनी प्रामाणिकपणे जे घडत होते ते सांगितले. संध्याकाळी पाचच्या सुमारास हा मुलगा विनाकारण किरकिर करू लागायचा, बहिणीच्या अंगावर ओरडायचा, ते त्याला रागवायचे, आणि अर्ध्यापाऊण तासाने तो डोके धरून बसायचा. क्रम खरा होता आणि मुलाने काढलेला अर्थ चुकीचा होता. अर्धशिशीचा झटका दुखण्यापासून सुरू होत नाही. त्याच्या काही तास आधीपासून अनेकांना जांभया येतात, चिडचिड होते, चेहरा उतरतो, एखादा पदार्थ खावासा वाटतो किंवा काहीच नकोसे होते. त्या मुलाचे ओरडणे हे दुखण्याचे कारण नव्हते, तो त्याच झटक्याचा पहिला भाग होता. मात्र या वयात एकापाठोपाठ एक घडणाऱ्या दोन गोष्टींतली पहिली ही दुसरीचे कारण ठरते, आणि दुसरी गोष्ट त्रासदायक असेल तर ती शिक्षा ठरते. चुकीची शिक्षा जगच आपोआप देते अशी लहान मुलांची समजूत असते, हे ज्याँ पियाजे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवून ठेवले आहे. म्हणून तुमच्या गोष्टीचे पहिले काम माहिती देणे हे नाही, हा धागा तोडणे हे आहे.

आता खोटी नसलेली गोष्ट सांगायची तर खरे काय आहे ते तुमच्याजवळ असायला हवे. मेंदूच्या पेशीजालात वेदना जाणवणारे मज्जातंतू नसतात. म्हणूनच काही शस्त्रक्रियांमध्ये कवटीवरची त्वचा बधिर करून रुग्णाला जागे ठेवता येते आणि मेंदूवर काम चालू असताना त्याच्याशी बोलताही येते. दुखतात ते मेंदूभोवतीचे पडदे, विशेषतः सर्वांत बाहेरचा जाड पडदा, तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या, आणि कवटीच्या बाहेरचे स्नायू व त्वचा. कपाळ, डोळे आणि पडद्याचा बराचसा भाग यांच्या संवेदना त्रिशाखी मज्जातंतू, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जोडी, मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभाकडे नेते. अर्धशिशीत या तंतूंची टोके काहीही इजा झालेली नसताना सक्रिय होतात आणि तिथे काही रसायने सोडतात, ज्यांतले सीजीआरपी हे आज सर्वाधिक अभ्यासले गेलेले आहे. मग एरवी जाणवतही नाही असे रक्तवाहिन्यांचे स्पंदनसुद्धा दुखू लागते. त्याच काळात प्रकाश आणि आवाज सहन होत नाहीत, जठराची हालचाल मंदावते आणि मळमळ होते. ही यंत्रणा काही जणांत जन्मतःच अधिक हळवी असते आणि ती घराण्यातून येते, जशी तुमच्या मुलीकडे तिच्या आईकडून आलेली दिसते. मोठ्या माणसांत अर्धशिशी पुष्कळदा डोक्याच्या एका बाजूला असते, तर लहान मुलांत ती कपाळाच्या दोन्ही बाजूंना असते आणि तिचा काळही कमी असतो. निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत मुलांसाठी 2 ते 72 तास धरले जातात आणि झोप लागली तर जाग येईपर्यंतचा वेळ त्यात मोजतात.

एवढ्या सगळ्यातून साडेपाच वर्षांच्या मुलीला तीनच गोष्टी हव्या आहेत. दुखते तेव्हा आतला मेंदू मोडलेला नसतो. ते तिच्यामुळे झालेले नसते. आणि सुरू झाले की लगेच सांगायचे असते. बाकी सगळे तुमच्यासाठी आहे.

काही सोप्या वाटणाऱ्या कल्पना मी मुद्दाम टाळल्या आहेत. डोक्यात शिरलेला किडा, राक्षस किंवा चोर नको, कारण ऐकणारे मूल ते शब्दशः घेते आणि दिवा मालवल्यावर त्याच्याबरोबर एकटेच पडून राहते. दुखण्याशी लढाई नको, कारण झटक्यात ती हरते आणि हरणे ही पुन्हा तिचीच चूक होते. "मेंदू दमला" हेही मी सांगत नाही, कारण मग शाळेत वाचतानाही मूल मेंदूला जपू लागते. सर्वांत जास्त टाळायचे ते वचन, "पाणी प्यायलीस, वेळेवर झोपलीस तर दुखणार नाही." झोप, पाणी आणि वेळेवर खाणे यांचा उपयोग खरोखर होतो, तरी सगळे नीट पाळूनही झटका येतो, आणि ज्या दिवशी तो येईल त्या दिवशी ती आपण काय चुकलो हे शोधत बसेल. म्हणून गोष्टीत एक जागल्या आहे, जो धोका नसतानाही घंटा वाजवू शकतो. त्याची घंटा खरी आहे, ती ऐकू येते, तिने त्रास होतो, आणि तरीही घराला काही झालेले नाही. डोकेदुखी खोटी नाही आणि डोके बिघडलेलेही नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगणारे दुसरे पात्र मला आजवर सापडलेले नाही.

गोष्ट अशी.

एक होती मिनू. मिनूला पळायला आवडायचे, चिखलात पाय बुडवायला आवडायचे, आणि केस विंचरायला मात्र मुळीच आवडायचे नाही. मिनूच्या केसांखाली होती कातडी. कातडीखाली होते टणक हाड. आणि त्या हाडाच्या आत अगदी सुरक्षित बसला होता तिचा मऊ मऊ मेंदू. मेंदूला खूप कामे होती. मिनूने काय पाहिले, काय ऐकले, चप्पल कुठे काढून ठेवली, हे सगळे तो बघायचा. पण एक गंमत होती. त्या मेंदूला स्वतःला कधीच काही दुखत नसे. दुखणे म्हणजे काय, हे त्याच्या अंगाला माहीतच नव्हते.

मेंदूभोवती होता एक पडदा, आणि त्या पडद्यावर पहारा द्यायचा एक इवलासा जागल्या. त्याच्या हातात होती एक घंटा. एकदा मिनू पलंगाखाली चेंडू शोधायला गेली आणि उठताना डोके आपटले. जागल्याने लगेच घंटा वाजवली, ठण ठण ठण! घंटा वाजली म्हणून मिनूला दुखले, दुखले म्हणून ती "आई गं!" म्हणाली, आणि "आई गं" ऐकून बाबा धावत आले. म्हणजे जागल्याने आपले काम छान केले होते.

असा जागल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो. मिनूच्या बाबांचा जागल्या जरा झोपाळू होता. आईचा जागल्या फार जागा असायचा, जरा काही झाले की दचकायचा. आणि मिनूचा जागल्या अगदी आईच्या जागल्यासारखाच होता.

एके दिवशी संध्याकाळी मिनू ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. तिला एक जांभई आली, मग दुसरी आली, मग तिसरी. मग तिला उगाचच राग आला. मनोरा वाकडा झाला तेव्हा तिने त्याला एक लाथ मारली आणि ठोकळे सगळीकडे उडाले. बाबा म्हणाले, "अगं, अगं!" आणि थोड्या वेळाने कपाळात वाजायला लागले, ठण... ठण... ठण.

मिनूने कपाळाला हात लावला. तिथे काही लागलेले नव्हते. तिने विचारले, "जागल्या, जागल्या, मी तर कुठे आपटले नाही. मग तू घंटा का वाजवतोस?"

जागल्या म्हणाला, "मी दचकलो गं. आणि माझी घंटा अशी आहे की एकदा वाजायला लागली की मला ती पटकन थांबवता येत नाही."

मिनूने हळूच विचारले, "मी मनोऱ्याला लाथ मारली म्हणून वाजवलीस?"

"छे, छे!" जागल्या म्हणाला. "घंटा तर त्याच्या आधीपासूनच हलत होती. ती हलत होती ना, म्हणून तुला जांभया येत होत्या, आणि म्हणूनच तुला उगाच राग आला. तू काहीसुद्धा केलेलं नाहीस."

मग घंटा मोठ्याने वाजू लागली. डोळे म्हणाले, आम्हाला दिवा नको. कान म्हणाले, आम्हाला आवाज नको. पोट म्हणाले, एवढ्या गोंगाटात मला काम करता येत नाही, मी आपला थांबतो. आणि पोट थांबले म्हणून मिनूला उलटी झाली.

मिनू बाबांकडे गेली आणि म्हणाली, "बाबा, घंटा वाजतेय." बाबांनी जास्त काही विचारले नाही. त्यांनी औषध दिले, दोन घोट पाणी दिले, खिडकीचा पडदा ओढला, दिवा मालवला आणि कपाळावर गार रुमाल ठेवला. जागल्याला अंधार आवडला. त्याला शांतता आवडली. घंटा हळू वाजू लागली, ठण... ठण... मग आणखी हळू, ठ...ण. मिनूला झोप लागली.

ती उठली तेव्हा घंटा वाजत नव्हती. जागल्या आपल्या जागेवर शांत बसला होता. मिनूने विचारले, "माझ्या मेंदूला काही झालं का रे?"

"काही नाही. तो आत आहे तसाच आहे, मऊ मऊ."

"तू परत वाजवशील?"

"कधीतरी वाजेल," जागल्या म्हणाला. "पण वाजली की थांबतेसुद्धा. आजही थांबली ना?"

मिनू म्हणाली, "हो, थांबली." आणि ती उरलेले ठोकळे शोधायला गेली.

ही गोष्ट तुम्ही तुमच्या भाषेत फिरवून सांगितलीत, मिनूऐवजी दुसरे नाव घेतलेत, ठोकळ्यांऐवजी तिच्या आवडीचे खेळणे आणलेत तरी चालेल. मुलीचे स्वतःचे नाव मात्र घालू नका. गोष्टीतली मुलगी दुसरी असेल तर तिला "मिनू घाबरली का?" असे विचारता येते, आणि त्या प्रश्नाच्या आडून ती स्वतःबद्दल बोलते. तीन वाक्ये मात्र बदलू नका. मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे पहिले. घंटा आधीपासून हलत होती, तू काही केलेले नाहीस, हे दुसरे. कधीतरी परत वाजेल पण थांबतेसुद्धा, हे तिसरे. तिसऱ्या वाक्यातला पहिला अर्धा भाग गाळून टाकावा असा मोह प्रत्येक आईबापाला होतो, कारण झोपताना मुलीला दिलासा द्यायचा असतो. तो गाळलात तर पुढच्या झटक्याच्या दिवशी जागल्या खोटारडा ठरेल आणि त्याच्याबरोबर तुम्हीही.

गोष्टीनंतर प्रश्न येतील आणि त्यांतला पहिला बहुधा असेल, "माझ्या डोक्यात खरंच जागल्या आहे?" इथे सरळ सांगा की ती गोष्ट आहे, खरा माणूस आत राहत नाही, पण दुखल्याची बातमी नेणारे अगदी बारीक तंतू मात्र खरेच आहेत. पाच वर्षांच्या मुलाला हे दोन्ही एकत्र धरता येते. गोष्टीतला वाघ बोलतो आणि खरा वाघ बोलत नाही, हे त्याला माहीत असतेच. "मी मरणार का?" हा प्रश्न आला तर दचकू नका आणि त्याच्यावर हसूही नका. "नाही. डॉक्टरांनी तुला तपासलं आहे, आणि घंटा वाजली तरी मेंदू ठीक असतो," एवढे एकदाच, नेहमीच्या आवाजात सांगा. फार वेळा आणि फार ठासून दिलेला धीर मुलांना संशयास्पद वाटतो, आणि मला वाटते त्यांचे बरोबरच असते. तिसरा प्रश्न आईविषयी असेल. तिने आईला अंधाऱ्या खोलीत पडलेले पाहिले आहे. ते पाहून आईही बरी होऊन उठते हे तिला कळले असेल, किंवा मोठे झाल्यावर आपलेही असेच होणार एवढेच कळले असेल. शक्य असेल तर गोष्टीचा तो भाग आईलाच सांगू द्या.

गोष्ट सांगण्याची वेळ म्हणजे ज्या दिवशी डोके दुखलेले नाही त्या दिवसाची रात्र. झटका चालू असताना गोष्ट सांगू नका, कारण तेव्हा आवाजच नकोसा असतो आणि शब्द त्या त्रासाला चिकटून बसतात. त्या वेळी "घंटा वाजतेय का? बरं, चल," एवढे पुरते. त्यानंतरची कामे शांतपणे आणि दर वेळी त्याच क्रमाने करा, म्हणजे गोष्टीत ऐकलेला क्रम तिला ओळखू येईल. आणखी एक सवय मोडावी लागेल, ती म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ "आज डोकं दुखत नाही ना?" असे विचारण्याची. सतत विचारल्याने मुलाचे लक्ष त्या जागेवर खिळून राहते आणि एरवी सुटून गेली असती अशी बारीक जाणीवही तक्रार बनते. तिने येऊन सांगावे आणि तुम्ही लगेच दखल घ्यावी, हा नियम चांगला. नोंदी हव्या असतील तर त्या तुम्ही ठेवा. झटका किती वाजता सुरू झाला, आदल्या रात्री किती झोप झाली, शेवटचे खाणे केव्हा झाले, औषध किती वाजता दिले आणि ती केव्हा उठली, एवढे वहीत लिहिलेले असले की दोन महिन्यांनी डॉक्टरांना त्यातून बरेच दिसते. झोपेचा अंदाज घेताना तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह 10 ते 13 तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास लागतात, हे लक्षात ठेवा. पाचसहा वर्षांच्या उंबरठ्यावर दुपारची झोप सुटते आणि रात्री झोपण्याची वेळ मात्र अलीकडे आणलेली नसते, तेव्हा संध्याकाळचे झटके वाढलेले मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत.

गोष्टीत औषध मुद्दाम लगेच दिलेले आहे. झटक्यात जठर मंदावत असल्याने उशिरा दिलेले औषध आतड्यापर्यंत उशिरा पोहोचते किंवा उलटीबरोबर बाहेर पडते, आणि मग ते लागू पडत नाही असे घरी वाटू लागते. पुष्कळदा औषध योग्य असते, फक्त ते तासभर उशिरा आणि थोडे कमी दिलेले असते. मात्रा वयावर नव्हे तर वजनावर ठरते. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला सुमारे 15 मिलिग्रॅम आणि आयबुप्रोफेन दर किलोला सुमारे 10 मिलिग्रॅम असा हिशेब असतो. मूल 18 किलोचे असेल तर पॅरासिटामॉल 270 मिलिग्रॅम होते. सिरपच्या बाटलीवर 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम लिहिलेले असेल तर ते सुमारे साडेपाच मिलिलिटर, आणि 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असेल तर तेवढ्याच औषधासाठी सव्वाअकरा मिलिलिटर लागतात. चुका होतात त्या इथेच, बाटली बदलते आणि चमचा तोच राहतो, म्हणून घरातला चमचा न वापरता मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज वापरा. तुमच्या मुलीचे यकृत, मूत्रपिंड, दमा किंवा इतर औषधे यांचा विचार करून तिची मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या आणि ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, कारण विषाणूजन्य आजाराच्या वेळी दिल्यास त्याचा संबंध यकृत आणि मेंदूला इजा करणाऱ्या राय सिंड्रोमशी आहे. आठवड्यातून दोनतीन दिवसांपेक्षा जास्त वेळा औषधाची गरज पडू लागली तर देत राहू नका, डॉक्टरांकडे जा, कारण वेदनाशामके वारंवार घेतल्यानेही डोके दुखू लागते.

या गोष्टीला एक मर्यादा आहे आणि ती तुम्ही विसरून चालणार नाही. जागल्याने उगाच घंटा वाजवली असे मुलीला सांगण्याचा अधिकार आपल्याला तपासणीने दिला आहे, गोष्टीने नाही. दुखण्याची तऱ्हा बदलली तर तो अधिकार संपतो. डोकेदुखीने ती पहाटे झोपेतून उठू लागली, सकाळी उठताच उलटी होऊन मग बरे वाटू लागले, किंवा आडवे झाल्यावर, खोकल्यावर, वाकल्यावर दुखणे वाढू लागले, तर ते कवटीतला दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. चालताना तोल जाणे, डोळा तिरळा होणे, वस्तू दोन दिसणे, मान एका बाजूला धरून ठेवणे, शाळेत आधी येणाऱ्या गोष्टी न येणे, किंवा स्वभाव झटक्यापुरता नव्हे तर आठवडेच्या आठवडे बदललेला राहणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ताप आणि मान ताठ होणे, एका क्षणात उसळलेली अतितीव्र वेदना, आकडी, गुंगी, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे असेल तर घरी वाट न पाहता रुग्णालयात न्यायचे असते. आठवड्यागणिक झटके अधिक वारंवार आणि अधिक लांब होत गेले, तर वरचे एकही लक्षण नसतानाही पुन्हा तपासणी हवी.

गोष्ट नीट पोहोचली असेल तर ती "घंटा" हा शब्द वापरू लागेल आणि दुखणे आधीपेक्षा लवकर सांगू लागेल, बहुतेक नुसत्या जांभयांच्या टप्प्यावरच. काही मुले उलट वागतात. जागल्याला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प राहतात, किंवा घंटा उगाचच वाजते तर सांगायचे कशाला असे ठरवून दुखणे लपवतात. तसे दिसले तर गोष्टीत एक प्रसंग वाढवा. मिनू एकदा सांगायचे विसरते, घंटा खूप वेळ वाजत राहते, आणि जागल्या तिला म्हणतो, "तू सांगितलंस ना, की मलासुद्धा लवकर बसायला मिळतं." पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी तिचा रक्तदाब घेतला नसेल, तिला सरळ रेषेत चालवून पाहिले नसेल आणि डोळ्याच्या आतला पडदा उपकरणाने पाहिला नसेल, तर पुढच्या भेटीत या तीन गोष्टी आवर्जून करून घ्या. तिचे चित्रही त्या वेळी बरोबर न्या.